मागचं चाक नाचू नये म्हणून

घाट उतरताना पुढे अचानक आखडतं वळण दिसलं की मोटारसायकलस्वाराचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकाच वेळी कामाला लागतात. उजवा हात पुढचा ब्रेक ओढतो आणि उजवा पाय मागचा ब्रेक दाबतो. डावा हात क्लच ओढतो, डावा पाय खटखट दोन गिअर पाडतो, आणि वळणाच्या तोंडाशी क्लचची लिव्हर सुटते. याच क्षणी काही गाड्यांचं मागचं चाक थडथडायला लागतं. सीटखालून हादरे बसतात, चेन खडखडते, शेपूट डावी-उजवीकडे फेकली जाते. चाक रस्त्यावर नीट फिरतही नसतं आणि एकसारखं घसरतही नसतं. ते टेकतं, सुटतं, पुन्हा टेकतं आणि हे सगळं एका सेकंदात कित्येक वेळा होतं. गाडी सरळ असेल तर स्वाराच्या काळजाचा ठोका चुकण्यावर भागतं. वळणात कललेली असेल तर ती हातातून जाऊ शकते.

हे टाळण्यासाठी इंजिनाच्या पोटात, तेलात बुडालेल्या क्लचमध्ये, एक छोटी पण फार हुशारीची योजना केलेली असते. तिचं नाव स्लिपर क्लच. एकेकाळी ती फक्त शर्यतीच्या गाड्यांत असे. आज चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूक आणि बजाज डॉमिनार ४०० या गाड्यांतही ती आहे. जाहिरातीत तिचा एका ओळीत उल्लेख येतो आणि शोरूममधला विक्रेता ‘गिअर स्मूथ पडतात’ एवढं सांगून पुढे सरकतो. प्रत्यक्षात ती काय करते हे समजून घ्यायचं, तर आधी चाक नाचतं का, ते पाहायला हवं.

उदाहरणासाठी ३७३ सीसीच्या एका सिलिंडरचं इंजिन असलेली गाडी घेऊ. गाडी आणि स्वार मिळून वजन २६० किलो. चौथ्या गिअरमध्ये क्रँक साधारण ९ वेळा फिरतो तेव्हा मागचं चाक एकदा फिरतं. दुसऱ्या गिअरमध्ये त्याच एका फेरीसाठी क्रँकला जवळजवळ १५ वेळा फिरावं लागतं. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना मागचं चाक मिनिटाला साधारण ५२० फेरे घेतं. म्हणजे चौथ्या गिअरमध्ये इंजिन ४,७०० ते ४,८०० आरपीएमवर असेल आणि त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये ते ७,७०० वर असायला हवं.

आता स्वाराने काय केलं पाहा. त्याने थ्रॉटल पूर्ण बंद केला, क्लच ओढला आणि दोन गिअर पाडले. क्लच ओढलेला असताना इंजिनाचा चाकाशी संबंध तुटलेला असतो आणि थ्रॉटल बंद असल्यामुळे त्याचे फेरे भराभर उतरतात. लिव्हर सुटायच्या वेळी ते समजा २,००० वर आलेलं आहे. चाकाची मात्र मागणी ७,७०० ची आहे. लिव्हर सोडल्याबरोबर हे दोन वेग एक व्हायलाच हवेत. इंजिनाला वर चढायची शक्ती पेट्रोलमधून मिळत नाही, कारण थ्रॉटल बंद आहे. ती शक्ती चाकाकडून, म्हणजे टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीतून ओढून घेतली जाते.

किती ओढली जाते? इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बोलताना त्यांची बहुतेक वेळा सरमिसळ होते. पहिली गोष्ट म्हणजे नेहमीचं इंजिन ब्रेकिंग. थ्रॉटल बंद असताना पिस्टनला बंद वाटेतून हवा ओढावी लागते, रिंगा आणि बेअरिंगांचं घर्षण सोसावं लागतं, आणि त्यामुळे चाकाला अडथळा होतो. आपल्या उदाहरणात हा अडथळा टायरपाशी ढोबळमानाने ४० किलो वजनाइतक्या ओढीचा असेल. दुसरी गोष्ट म्हणजे क्रँक, फ्लायव्हील आणि क्लचचं हाउसिंग यांना २,००० वरून ७,७०० वर फिरवायला लागणारा जोर. जड, फिरणाऱ्या वस्तूचा वेग वाढवायचा तर बळ लागतं, आणि तो जितक्या कमी वेळात वाढवायचा तितकं जास्त. लिव्हर झटक्यात सुटली आणि हे सगळं एक पंचमांश सेकंदात उरकलं, तर माझ्या ढोबळ हिशेबाप्रमाणे टायरपाशी आणखी ८० ते ९० किलोंची ओढ पडते. कारण इंजिनाचा हा हट्ट दुसऱ्या गिअरमधून चाकापर्यंत पोचताना १५ पट होऊन पोचतो.

टायरजवळ द्यायला तेवढं आहे का? गाडी उभी असताना मागच्या चाकावर २६० किलोंपैकी साधारण १३५ किलो भार असतो. पण स्वार पुढचा ब्रेक जोरात दाबतो आहे. गाडीचं वजन पुढे झुकतं, मागचं चाक हलकं होतं आणि त्याच्यावर उरतात ६० किलोंच्या आसपास. कोरड्या चांगल्या डांबरावर टायर आपल्यावरच्या भाराच्या नव्वद टक्क्यांइतकी ओढ सोसू शकतो असं धरलं, तरी त्याची ऐपत ५५ किलोंची झाली. नेहमीच्या इंजिन ब्रेकिंगची ४० किलोंची ओढ तो निभावून नेतो. १२० ते १३० किलोंची ओढ पडल्यावर मात्र तो सुटतो. शिवाय उजवा पाय मागच्या ब्रेकवर असेल तर या ५५ मधला काही हिस्सा आधीच खर्ची पडलेला असतो. म्हणजे चाकाची पकड मोडणारा खरा गुन्हेगार इंजिन ब्रेकिंग नसून इंजिनाला क्षणार्धात वर चढवण्याचा तो झटका आहे. पुढचं सगळं समजायला एवढा भेद लक्षात राहिला तरी पुरे.

टायर सुटला तर तो एकसारखा घसरत का जात नाही, नाचतो का? कारण इंजिन आणि रस्ता यांच्यामध्ये लवचीक वस्तूंची एक साखळीच असते. टायरचं रबर पिळलं जातं, चेनचा ढील एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातो, मागच्या हबमधले रबराचे ठोकळे दबतात, सस्पेन्शनची स्प्रिंग हलते. टायर रस्त्याला धरतो तेव्हा या सगळ्यांत ताण साठत जातो. ताण पकडीपेक्षा वाढला की टायर सुटतो आणि साठलेला ताण एकदम मोकळा होतो. ओढ कमी झाली की टायर पुन्हा धरतो आणि पुन्हा ताण भरू लागतो. प्रत्येक धर-सोडीबरोबर चेनची ओढही बदलते आणि स्विंगआर्मला एकदा वर, एकदा खाली धक्का मिळतो. चाकावरचा भार आधीच कमी असल्यामुळे एवढ्या धक्क्याने ते चक्क उचललं जातं. एका सिलिंडरच्या इंजिनात यात आणखी भर पडते. त्याचा अडथळा एकसारखा नसतो. प्रत्येक कॉम्प्रेशनला तो वाढतो आणि मग ओसरतो, त्यामुळे नाचाला ठेका मिळतो. मोठ्या सिंगल आणि व्ही-ट्विन गाड्यांना हा त्रास जास्त होतो तो यामुळेच. रस्त्यावर उमटलेल्या खुणांतूनही फरक कळतो. ब्रेकने अडकलेलं चाक सलग काळा पट्टा ओढतं. नाचणाऱ्या चाकाची खूण तुटक असते, मध्ये मध्ये कोरं डांबर दिसतं.

आता क्लच. मोटारसायकलच्या क्लचमध्ये दोन प्रकारच्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. अस्तर लावलेल्या क्लच प्लेटा बाहेरच्या हाउसिंगबरोबर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरतात. साध्या पोलादी प्लेटा आतल्या हबबरोबर, म्हणजे गिअरबॉक्स आणि चाकाबरोबर फिरतात. या गठ्ठ्यावर प्रेशर प्लेट बसते आणि स्प्रिंगा तिला दाबून धरतात. दाब असेपर्यंत सगळा गठ्ठा एकजीव होऊन फिरतो. लिव्हर ओढली की प्रेशर प्लेट उचलली जाते आणि प्लेटा एकमेकींवरून सरकू लागतात. साध्या क्लचला जोर कोणत्या दिशेने येतो आहे याची जाण नसते. इंजिन चाकाला ढकलत असो की चाक इंजिनाला, स्प्रिंगांचा दाब तेवढाच राहतो.

स्लिपर क्लचमध्ये ही जाण भरलेली असते, तीही कोणत्याही सेन्सरशिवाय, निव्वळ धातूच्या आकारातून. हब आणि प्रेशर प्लेट यांच्या समोरासमोरच्या बाजूंवर तिरके उतार कोरलेले असतात, बहुधा तीन ठिकाणी. एकाचा उतार दुसऱ्याच्या उतारावर टेकलेला असतो. दोघांना एकमेकांच्या तुलनेत थोडंसं फिरायची मुभा असते. चाक इंजिनाला फिरवायला निघालं, म्हणजे जोर उलट्या दिशेने आला, की हे उतार एकमेकांवर चढायला बघतात. उतारावर चढताना प्रेशर प्लेट बाहेरच्या बाजूला सरकते, फार नाही, मिलिमीटरच्या आसपास. पण तेवढ्याने प्लेटांवरचा दाब कमी होतो आणि गठ्ठा घसरू लागतो. स्वाराने लिव्हर पूर्ण सोडलेली असते आणि तरीही क्लच आपणहून थोडासा उचललेला असतो.

या रचनेतली खरी कमाल पुढे आहे. प्लेटा घसरल्या की त्यांच्यातून जाणारा उलटा जोर कमी होतो. तो कमी झाला की उतारावर चढवणारं बळही कमी होतं आणि स्प्रिंगा प्रेशर प्लेटला परत खाली ढकलतात. खाली आली की जोर वाढतो आणि ती पुन्हा किंचित उचलली जाते. त्यामुळे क्लच पूर्ण सुटतही नाही आणि पूर्ण धरतही नाही. एका ठरावीक मर्यादेइतकाच उलटा जोर तो पुढे जाऊ देतो. प्रेशर कुकरची शिट्टी जशी ठरावीक दाबाला उचलली जाते, वाफ सोडते आणि परत बसते, तसंच हे काम आहे. ती मर्यादा किती असावी हे उताराचा कोन आणि स्प्रिंगांचा ताठरपणा यांवर ठरतं, आणि ते कारखान्यातच पक्कं केलेलं असतं.

आपल्या उदाहरणाकडे परत येऊ. समजा या गाडीच्या क्लचची मर्यादा टायरपाशी ४५ किलोंच्या ओढीला बसवली आहे. स्वाराने तशीच झटक्यात लिव्हर सोडली. इंजिनाला २,००० वरून वर चढवायचं काम तेच आहे, पण आता क्लच ४५ किलोंपेक्षा जास्त ओढ चाकापर्यंत जाऊच देत नाही. टायरची ऐपत ५५ ची आहे, त्यामुळे तो फिरत राहतो. प्लेटा घसरत घसरत इंजिनाला वर आणतात. जे काम पंचमांश सेकंदात उरकणार होतं त्याला आता कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि तोवर गाडीही ब्रेकने हळू होत असल्यामुळे इंजिनाला ७,७०० पर्यंत जावंही लागत नाही. दोन वेग मधेच कुठेतरी जुळतात. जुळल्यावर उरतं ते नेहमीचं ४० किलोंचं इंजिन ब्रेकिंग. ते मर्यादेच्या आत असल्यामुळे क्लच घट्ट बसतो. स्लिपर क्लच असलेल्या गाडीला इंजिन ब्रेकिंग नसतं, घाट उतरताना ती सुसाट पळते, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

क्लच हे काम करत असताना काही गाड्यांत डाव्या हाताच्या बोटांना कळतं. लिव्हर किंचित सैल पडते किंवा तिच्यात बारीक थरथर जाणवते. प्रेशर प्लेट स्वतः हलते आहे, म्हणून तिला जोडलेली केबलही हलते. तो बिघाड नाही.

आजच्या बऱ्याच गाड्यांवर ‘असिस्ट अँड स्लिपर’ असं लिहिलेलं असतं. त्यातला असिस्ट हा त्याच उतारांचा दुसऱ्या बाजूने केलेला उपयोग आहे. इंजिन चाकाला ढकलत असताना दुसऱ्या बाजूचे उतार प्रेशर प्लेटला आत ओढतात आणि गठ्ठा आणखी आवळतात. मग मूळ स्प्रिंगा कमी ताठर ठेवल्या तरी चालतं आणि लिव्हर हलकी होते. पुण्या-मुंबईच्या गर्दीत दिवसभर क्लच ओढणाऱ्या माणसाला या बाजूचाच फायदा जास्त वाटतो, आणि ते बरोबरच आहे.

या कल्पनेची गरज पहिल्यांदा ठळकपणे भासली ती शर्यतीत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ग्रां प्रीच्या मोठ्या गटात टू-स्ट्रोक गाड्यांचं राज्य होतं आणि टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग फारच थोडं असतं. होंडाने १९७९ मध्ये एनआर ५०० ही फोर-स्ट्रोक गाडी इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला उतरवली. वळणाआधी गिअर पाडल्यावर मागचं चाक अडखळू नये म्हणून तिच्या क्लचमध्ये उलटा जोर मर्यादेत ठेवणारी योजना केली होती. ती गाडी शर्यतीत यशस्वी झाली नाही, पण कल्पना टिकली. २००२ मध्ये मोटोजीपी सुरू झाली, ९९० सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्या आल्या, आणि तिथे स्लिपर क्लचशिवाय भागेनासं झालं.

त्याच्या आधी आणि आजही, कुशल स्वार हे काम हाताने करतात. क्लच ओढलेला असताना ते थ्रॉटलला एक छोटा झटका देतात आणि इंजिन आधीच ७,००० च्या पुढे नेऊन ठेवतात. मग लिव्हर सुटली तरी चाकाकडून ओढून घ्यायला फारसं काही उरत नाही. पण त्यासाठी उजव्या हाताला एकाच वेळी ब्रेकचा दाब कायम ठेवून थ्रॉटल फिरवावा लागतो. घाबरलेल्या माणसाकडून ते नीट होत नाही. स्लिपर क्लचची किंमत मला तिथे दिसते. तो घाबरलेल्या हातांनाही तितकाच सांभाळून घेतो.

मात्र त्याच्या मर्यादा स्पष्ट आहेत. सगळ्यात मोठी मर्यादा पावसाळ्यातली. क्लचची ४५ किलोंची मर्यादा कोरडा रस्ता धरून बसवलेली आहे. ओल्या, शेवाळलेल्या किंवा वाळू पसरलेल्या वळणावर टायरची ऐपत ५५ वरून ३० वर येऊ शकते. क्लचला हे कळायला मार्ग नाही. तो ४५ पर्यंत ओढ जाऊ देणार आणि टायर त्याच्या आधीच सुटणार. एबीएस असेल तर तो मदतीला येईल असं वाटतं, पण एबीएस फक्त ब्रेकचा दाब कमी करतो. इंजिनाने अडवलेलं चाक सोडवणं त्याच्या हातात नसतं. काही महाग गाड्यांत यासाठी वेगळी इलेक्ट्रॉनिक योजना असते. मागचं चाक पुढच्यापेक्षा हळू फिरतं आहे असं दिसलं की ती थ्रॉटल आपणहून किंचित उघडते.

दुसरी मर्यादा इंजिनाच्या जिवाशी आहे. आपली गाडी ताशी ९० ला असताना कोणी दुसरा गिअर टाकला, तर इंजिनाला ११,५०० च्या वर फिरावं लागेल, आणि या वर्गातलं सिंगल त्याच्या बरंच आधी लाल रेषेला पोचतं. स्लिपर क्लच हे फेरे थोडे उशिरा चढू देईल, चढायचे थांबवणार नाही. रेव्ह लिमिटरही इथे कामाचा नाही. तो इंधन किंवा ठिणगी तोडतो, पण इथे इंजिनाला फिरवतं आहे ते चाक. व्हॉल्व्ह आणि पिस्टनची टक्कर झाली तर गॅरेजचं बिल मोठं येतं.

देखभालीत तीन गोष्टी या क्लचला बिघडवतात. तेल जेएएसओ एमए किंवा एमए२ दर्जाचंच हवं. कारसाठीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात आणि तेलात बुडालेला क्लच त्यांनी घसरू लागतो. वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल दिल्यावर फेरे चढतात पण वेग वाढत नाही, अशी तक्रार दिसली तर आधी तेल आणि लिव्हरचं फ्री प्ले तपासावं. फ्री प्ले अजिबात नसेल तर प्रेशर प्लेट पूर्ण बसतच नाही. दुसरी गोष्ट, प्लेटा झिजल्या की गठ्ठ्याची जाडी कमी होते आणि उतारांची एकमेकांशी असलेली जागाच बदलते. प्लेटा बदलताना म्हणूनच कंपनीने दिलेल्या जाडीच्याच घ्याव्यात, आणि उतारांच्या कडांवर खाचा पडल्या आहेत का, ते मेकॅनिककडून बघून घ्यावं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात काळजीची वाटते. क्लच घसरतो म्हणून झिजलेल्या प्लेटा तशाच ठेवून ताठर स्प्रिंगा टाकून देण्याची पद्धत आहे. स्वस्तात काम होतं आणि गाडी पुन्हा ओढू लागते, त्यामुळे मालकही खूश होतो. पण त्याच स्प्रिंगांना हरवून प्रेशर प्लेटला उतार चढायचा असतो. स्प्रिंग ताठर झाली की क्लचची मर्यादा ४५ वरून ६० किंवा ७० वर जाऊ शकते, म्हणजे टायरच्या ऐपतीच्या पलीकडे. नावाला स्लिपर क्लच राहतो, प्रत्यक्षात तो साधा क्लच झालेला असतो, आणि मालकाला हे कळतं ते एखाद्या वळणावर. जुनी गाडी घेताना क्लचचं काम कधी आणि कोणत्या सुट्या भागांनी केलं आहे, हे आवर्जून विचारा. आणि गाडी नवी असो की जुनी, पावसात घाट उतरताना एका वेळी एकच गिअर पाडा, लिव्हर सावकाश सोडा आणि दुसरा गिअर वेग उतरल्यावरच टाका.